५२ रुपयांचं बिलबुक

अण्णा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, “खर्चसुद्धा निघत नव्हता, म्हणून काम परत पाठवलं.” ते मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो. सांगलीतल्या ज्या छापखान्याचे हिशेब मी लिहितो, तिथे मागच्या भाद्रपदात हाच पेच आला होता.

भाद्रपद कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको. मंडळांची पावतीपुस्तकं श्रावणातच छापून जातात. गणपती उठले की पितृपक्ष लागतो, नव्या दुकानांची उद्घाटनं थांबतात, आणि लग्नपत्रिका तर तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे. ऑफसेटवर कव्हर टाकलेलं आणि मशिनमन पगारावर बसून रोलर पुसतोय, अशा दिवसांत तासगावच्या एका घाऊक खतव्यापाऱ्यानं ५०० बिलबुकं मागितली आणि बुकाला ५२ रुपये देऊ केले. मालकांचा नेहमीचा भाव ७० आणि त्यांच्या वहीत एका बुकाचा पूर्ण खर्च ६२. बुकामागे १० रुपये तोटा, म्हणून ते नाही म्हणायच्या बेतात होते.

मी ते ६२ फोडायला बसलो. कागद, शाई, प्लेट, बाइंडरची नगावरची मजुरी आणि गाडीभाडं मिळून ३८ रुपये. हे काम घेतलं तरच जाणारे पैसे. उरलेले २४ म्हणजे जागेचं भाडं, मशिनमनचा पगार आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता. महिन्याला हे ७२ हजार होतात आणि मालकांनी ते नेहमीच्या ३ हजार बुकांवर वाटले होते. काम घेतलं काय आणि सोडलं काय, हे ७२ हजार जाणारच होते.

मालक म्हणाले, “पण ते कुठून तरी भरून निघायला हवेत ना?” हवेतच. पण त्या महिन्यात हातात कामं होती ती फक्त १ हजार बुकांची. तेच ७२ हजार तेवढ्यावर वाटले तर बुकामागे ७२ येतात आणि पूर्ण खर्च ११० वर जातो. म्हणजे वहीतल्या आकड्यावर भाव ठरवायचा तर गिऱ्हाईक नसलेल्या महिन्यात भाव वाढवायला हवा! मंदीत त्या आकड्यावर विसंबता येत नाही, हे मला तिथे मालकांना पटवावं लागलं.

मग मी दोन ओळी लिहिल्या. काम न घेता, १ हजार बुकांवर प्रत्येकी ३२ प्रमाणे ३२ हजार सुटतात. ७२ हजारांना ४० हजार कमी. काम घेतलं तर ५०० बुकांवर १४ प्रमाणे आणखी ७ हजार. तूट ३३ हजार. तोटा राहतोच, पण ७ हजारांनी कमी. कागदाचा भाव मात्र मी त्या दिवशीचा धरला. गोदामातला कागद आधी स्वस्तात घेतलेला होता, पण तो संपला की नवा चढ्या भावानंच भरावा लागणार होता.

खरी धास्ती मला वेगळीच होती. गावातलं एक नेहमीचं गिऱ्हाईक वर्षाला ४०० बुकं ७० च्या भावानं नेतं. त्याच्या कानावर ५२ गेले आणि त्यानंही तोच भाव मागितला, तर १८ प्रमाणे ७,२०० जातात. म्हणजे सगळी कमाई एका फोनवर धुऊन जाते. तासगावचं गिऱ्हाईक बाहेरचं आणि पहिल्यांदाच आलेलं, म्हणूनच मी होकार दिला. तरी कोटेशनवर साधा ५२ चा भाव लिहू दिला नाही. ‘मशीन मोकळं असेल तेव्हा छपाई, एकच मजकूर, एकच साइझ, ऑर्डर किमान ५०० ची, निम्मी रक्कम आगाऊ’, असं लिहिलं. उद्या कुणी विचारलं तर भाव वेगळा का, हे त्याच कागदावरून दाखवता येतं. आगाऊ १३ हजारांतून कागदाचा बहुतेक खर्च निघाला, नाहीतर स्वस्त काम उधारीवर करून मालकांचेच १९ हजार अडकले असते.

काम घटस्थापनेच्या आत संपवायचं, हेही ठरवून घेतलं. नवरात्रापासून दिवाळीच्या जाहिराती येतात. तेव्हा मशीनचा तास ५२ च्या बुकाला दिला तर ७० चं काम बाहेर थांबतं आणि १४ रुपये सुटण्याऐवजी १८ रुपये बुडतात. मशिनमनला ओव्हरटाइम द्यावा लागला, तर तो ३८ मध्ये मिळवायचा.

तुमच्या वहीत भाडं आणि पगार कागदाच्याच रकान्यात मांडलेत, ते मी पाहिलंय. ते आधी वेगळे करा. वर्षभराची बेरीज मात्र पूर्ण खर्चावरच जुळायला हवी. बाराही महिने असे भाव द्यावे लागत असतील तर भाड्याबद्दल जागामालकाशी बोलावं लागेल. परत पाठवलेलं गिऱ्हाईक अजून कुठे गेलं नसेल, तर आजच फोन करा. घटस्थापनेच्या आत काम उरकायला दिवस फार उरलेले नाहीत.