सात शर्टांची गोधडी

माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांचे काय करायचे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. देवळी तालुक्यातल्या आमच्या गावात कोणी ते गरिबाला देऊन टाकतात, कोणी नदीत सोडतात. मोठे बाबा गेले तेव्हा त्यांचे सात शर्ट मागे राहिले. मोठ्या आईने ते धुतले, घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवले. ‘मेलेल्याचं घरात ठिवू नये,’ असे आयाबाया सांगत राहिल्या. तिने ऐकून घेतले. पेटी मात्र उघडली नाही.

ती उघडली दीड वर्षाने. माझ्या चुलतभावाला वर्ध्याला वसतिगृहात जागा मिळाली होती. आमच्याकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक असतो. पण पौषातल्या रात्रीही काही कमी नसतात. पोराला पांघरूण हवे होते आणि विकतची रजाई घेण्याइतका पैसा त्या वर्षी घरात नव्हता.

कापड पारखायची तिची रीत साधी होती. शर्ट उजेडासमोर धरायचा, मग दोन अंगठ्यांमध्ये ताणायचा. धागे सरकून जाळी दिसली, की ते कापड वरच्या अंगाला चालत नाही. शर्ट सगळीकडे सारखा विरत नाही. कॉलर, बाह्यांची टोके आणि कोपर आधी जातात. मोठ्या बाबांच्या शर्टांचे उजवे खांदेही गेले होते, कारण फवाऱ्याच्या पंपाचा पट्टा वर्षानुवर्षे तिथेच घासला होता. पाठ मात्र शाबूत होती. सातांपैकी तीन शर्ट अगदीच विरलेले निघाले; ते आतल्या थरासाठी बाजूला गेले.

उरले चार. गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे चोवीस चौरस फूट. पाठ, दोन्ही पुढे आणि बाह्यांचे तुकडे मिळून एका शर्टात सुमारे सात चौरस फूट धड कापड निघते. तीन शर्टांचे झाले एकवीस. चौथ्याशिवाय भागत नव्हते, आणि चौथा होता निळा टेरिकॉटचा, लग्नकार्यात घालायचा. तो भावाला अंगाबरोबर बसत होता. ‘हा राहू दे, मी घालतो,’ तो म्हणाला. मोठी आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘घातला तर दोन वर्सांत कॉलर जाईन, मंग तू टाकून देशीन. पांघरला तर लय वर्सं टिकन.’ भाऊ उठून बाहेर गेला. तिने बटणे काढून डबीत ठेवली आणि कडेला कात्रीची खूण देऊन कापड फाडले. कापण्यापेक्षा फाडलेले बरे; फाड धाग्याच्या ओळीने जाते आणि तुकडा तिरका होत नाही.

खाली आपले जुने लुगडे, मध्ये ते तीन विरलेले शर्ट, वर जोडलेले तुकडे असे थर तिने ओसरीवर अंथरले. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, जे मिळेल ते वजन ठेवले. आधी मोठमोठे कच्चे टाके, मग दुहेरी दोऱ्याचा धावदोरा. शिवण काठावरून सुरू होते आणि चौकोनात चौकोन करीत बोटभर अंतराने मध्याकडे जाते. चार फुटांच्या रुंदीत असे चोवीसएक फेरे बसतात. मी सुयांत दोरा ओवून देत होतो.

पंधराव्या फेऱ्याला मध्यभागी फुगा आला. टेरिकॉट गुळगुळीत, खालच्या सुती कापडाला ते धरून राहत नाही. प्रत्येक टाक्यागणिक ते केसभर पुढे सरकत होते आणि सगळा झोळ मध्यावर जमत होता. तळहात फिरवताच तिला तो कळला. तसेच शिवले असते तर तिथे कायमची घडी पडली असती आणि घडीवर कापड आधी झिजते. तिने चार फेरे उसवले. निळ्या तुकड्यावर आडवे-उभे दाट कच्चे टाके घातले, झोळ एका जागी न ठेवता चारी बाजूंना थोडा थोडा वाटला आणि पुन्हा अकराव्या फेऱ्यापासून शिवत आली. दोन दिवस वाया गेले. ती बोलली काहीच नाही. निळ्या शर्टाचा खिसा तिने उसवला नव्हता. तो आता गोधडीच्या उशाकडच्या बाजूला आहे, वरून उघडा.

अशा गोधडीचा दोषही सांगितला पाहिजे. टेरिकॉट दणकट, शेजारचे सुती कापड जुने. धुताना ओली गोधडी जड होते. पिळताना दणकट तुकडा कमजोर तुकड्याला ओढतो आणि जोडालगतचे सूत तुटते. म्हणून ती पिळायची नसते, दोरीवर टाकून निथळू द्यायची असते. वसतिगृहात हे कोण पाळणार? दुसऱ्याच हिवाळ्यात निळ्या तुकड्याच्या कडेला वीतभर फाटले. भाऊ दिवाळीला गोधडी घेऊन घरी आला. पेटीत शर्ट आता उरला नव्हता. मोठ्या आईने आपल्या लुगड्याचा पदर फाडला आणि तिथे ठिगळ लावले.

भावाने त्या वेळी सुईत दोरा ओवून दिला. खिशात त्याची परीक्षेची पावती होती. ती तिने काढली नाही, तशीच ठेवून शिवत राहिली.