नदीनं सपाट केलेली जागा

मार्कंड्याच्या जत्रेत पाल ठोकायला जागा शोधताना आजी आधी नदीकडं पाठ करून उभी राहायची. बाकीचे लोक पाणी कुठं आहे, देऊळ किती लांब आहे, ओळखीचं कोण उतरलंय हे बघायचे. ती मागचा काठ बघायची. आपण उभे आहोत ती रेती आणि पक्का काठ यांच्यामध्ये एखादा खोलगट पट्टा आहे का, हे तिला आधी कळायला हवं असायचं. तसा पट्टा दिसला की जागा कितीही गुळगुळीत असली तरी ती पुढं चालू लागायची.

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या सुमारास पाणी ओसरलेलं असतं, रेतीचं मोठं पात्र उघडं पडतं आणि त्यावर यात्रेकरूंची पालं उभी राहतात. आमचं पाल म्हणजे दोन उभे बांबू, एक आडवा, वर ताडपत्री आणि आडोशाला जुनी लुगडी. रेतीत खुंटी धरत नाही. दोरीला थोडा ताण बसला की ती सरळ वर येते. म्हणून आजी घरून रिकाम्या गोण्या आणायची. गोणीत रेती भरायची, तोंड बांधायचं, गळ्याला दोरी बांधायची आणि हातभर खोल खड्डा करून ती आडवी पुरायची. वरून ओली रेती लोटून आम्ही पोरांनी ती पायानं दाबायची. रात्री वारा सुटला तरी पाल जागचं हलत नसे, कारण दोरी ओढायची तर वरची सगळी रेती उचलावी लागणार. आजही रेतीवर मुक्काम करायचा तर यापेक्षा भरवशाचा उपाय मला माहीत नाही.

ब्रह्मपुरीच्या शाळेत स्काउटमध्ये गेलो तेव्हा खरा तंबू हाताशी आला. जाड सुती कॅनव्हासचा, दोन माणसांनी उचलावा असा. त्याला खाली तळ नसायचा, म्हणून भोवती चर खणावा लागायचा आणि चराचं तोंड उताराकडं काढून द्यावं लागायचं. नवा कॅनव्हास सरांनी आम्हाला आधी मैदानात उभारून पाण्यानं भिजवायला लावला होता. पाण्यानं सूत फुगतं, शिवणीची आणि विणीची भोकं मिटतात, आणि पुढं पाऊस आत येत नाही. पाऊस चालू असताना मात्र आतून कापडाला बोट लावायचं नाही. लावलं की नेमकं तिथून थेंब गळायला लागतो.

पण त्या तंबूतलं सगळ्यात महत्त्वाचं काम रात्रीचं होतं. सुती दोर ओला झाला की आखडतो. संध्याकाळी बेताचा ताणलेला दोर पहाटेच्या दवात इतका घट्ट व्हायचा की खुंटी उपटायची, नाही तर कापड शिवणीत फाटायचं. म्हणून झोपण्याआधी सगळे दोर बोटभर सैल करायचे, आणि रात्री ज्याला जाग येईल त्यानं बाहेर जाऊन एकेका दोरावर हात फिरवायचा. दोर सैल-घट्ट करायला गाठही तशीच शिकवली होती. हातानं धरून सरकवली की सरकते, पण दोराला ओढ बसली की जागेवर धरून राहते. ती गाठ माझ्या हातांना अजून येते, अंधारातही येते.

पुढं नोकरीला लागल्यावर स्वतःचा तंबू घेतला. नायलॉनचा, तळ शिवलेला, पाठीवर सहज मावणारा. त्याच्याशी जुळायला मला वेळ लागला, कारण नायलॉन उलट वागतं. दव पडलं की ते आखडत नाही, सैल पडतं. बाहेरचं कापड लोंबून आतल्याला टेकलं की आपल्याच श्वासाची वाफ त्यावर जमते, ती आत झिरपते आणि सकाळी पांघरूण ओलं. बऱ्याच जणांना वाटतं तंबू गळतो. तो गळत नाही. झोपण्याआधी दोर पुन्हा ताणून घेतले आणि वरच्या झडपा थंडीतही उघड्या ठेवल्या की पांघरूण बऱ्यापैकी कोरडं राहतं. चर मात्र आता खणायचा नाही. त्यानं जमीन उगाच उकरली जाते, आणि योग्य जागेला तो लागतही नाही. त्याऐवजी खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या काठाच्या आत दुमडून घ्यायची. बाहेर राहिली तर पावसाचं पाणी तिच्यावर पडून थेट पाठीखाली येतं.

या डिसेंबरात भाच्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. तो आणि त्याचे दोन मित्र ब्रह्मपुरीहून वैनगंगेवर गेले होते. खाली विचारलं होतं, “मामाजी, इथं लावू का तंबू?”

फोटो सुरेख होता. पुढं पांढरी रेती, मग कमरेइतका उंचवटा, त्यावर आखीव असावी तशी सपाट हिरवळ, मागं झाडं. पाहताक्षणी तिथं चूल मांडावी वाटेल अशी जागा. पण नदीकाठची जमीन इतकी सपाट असते तेव्हा ती नदीनंच केलेली असते. पूर चढला की गाळ घेऊन येतो, पाणी पसरून संथ झालं की तो गाळ खाली बसतो, आणि वर्षानुवर्षं थर चढत जाऊन असं पटांगण तयार होतं. तेव्हा नदी इथं येते का, हा प्रश्नच नव्हता. ती कशी येते आणि आज रात्री येऊ शकते का, एवढंच बघायचं होतं.

फोटो मोठा करून मी आधी झुडपं बघितली. उजवीकडं बेशरमीच्या झुडपांत वाळलेलं गवत आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला वाकलेल्या. शेजारी त्याचा मित्र उभा होता. चिंध्या त्याच्या खांद्याला लागत होत्या. म्हणजे गेल्या पावसाळ्यात या हिरवळीवर पाचेक फूट पाणी वाहिलं होतं. ती पावसाळ्यातली गोष्ट, डिसेंबरात तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही.

मग मी हिरवळीच्या मागं बघितलं. तिथं गवताचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा गडद होता, आणि त्यातल्या झुडपांचे शेंडे पुढच्या गवतापेक्षा फारसे वर येत नव्हते. गडद हिरवं म्हणजे ओल, शेंडे खाली म्हणजे जमीन खोल. हा नदीचा जुना पाट. पाणी चढायला लागलं की ते आधी अशा पाटात खालच्या तोंडातून शिरतं. तंबूसमोरची रेती अजून कोरडी दिसत असते आणि मागची परतीची वाट भरलेली असते. अंधारात हे कळत नाही.

आमच्याकडं नदी चढायला इथं पाऊस पडावा लागत नाही. वर भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे, त्याला ३३ दरवाजे आहेत. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातलं आणि या धरणाचं पाणी एकदम खाली आलं तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातली लाडज, पिंपळगावसारखी गावं पुरानं वेढली गेली. लाडज तर एरवीही चहूबाजूंनी वैनगंगेच्या पाण्यात. हिवाळ्यात तसा लोंढा येत नाही, पण धरणातून पाणी सोडलं तर पातळी वाढू शकते, आणि एवढ्या उथळ पाटात शिरायला थोडंच पाणी पुरतं.

फोटोवरून एक गोष्ट मात्र ठरत नव्हती. हिरवळ पाण्यापासून नक्की किती उंच? उभ्यानं काढलेल्या मोबाइलच्या फोटोत चढ-उतार चपटे होतात. म्हणून त्याला सांगितलं, पाण्याच्या कडेला एक काठी रोव, मग मागं जाऊन हिरवळीवर बस, मोबाइल जमिनीलगत धर आणि पुन्हा फोटो काढ. एक मागच्या पट्ट्याचाही, तसाच बसून. दुसरा फोटो आला आणि शंका उरली नाही. पट्टा हिरवळीपेक्षा गुडघाभर खाली होता. तळाशी गाळाचे पापुद्रे वाळून कडांना वर वळले होते. काठीजवळच्या रेतीवर पाण्याच्या कडेच्या वर वीतभर अंतरावर ओली रेघ होती, त्यावर ताजा फेस आणि पानं. म्हणजे त्याच दिवशी पाणी तिथवर येऊन मागं सरलं होतं.

आणखीही एक होतं. रेतीवर गुरांच्या आणि चितळांच्या खुरांची दाटी होती. पाण्यावर उतरायची ही नेहमीची वाट. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ किती आहेत आणि दरवर्षी माणसं कशी जातात, हे आमच्यापैकी कोणाला सांगावं लागत नाही. चितळं जिथं पाण्यावर येतात तिथं त्यांच्या मागं येणाराही येतो. त्या वाटेवर झोपायचं नाही, आणि राखीव जंगलात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचाच नाही. १९२७ च्या वन कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि इथं तो नियम जीव वाचवणारा आहे.

“मग परत येऊ का?” त्यानं फोन करून विचारलं. आवाज पडला होता. पोरांनी घरून तांदूळ, वांगी, सुकट सगळं बांधून नेलं होतं. मी म्हटलं, परत कशाला, गावाकडं वळा. काठ चढून गेल्यावर धानाच्या बांध्या लागतील. त्यांत लाखोळी उभी असेल, तिथं पाय घालू नका. पण चुरणा आटोपला असेल तर एखादं खळं मोकळं असेल. घरं हाकेच्या अंतरावर असलेलं बघा, धन्याला विचारा, आणि गावातल्या वनरक्षकाच्या कानावर घाला.

खळं मिळालं. नदीपेक्षा चांगलं दोन पुरुष उंच, चोपून सारवलेलं, बाजूला तणशीचा ढीग. धन्यानं हो म्हटलं, पण सारवलेल्या जमिनीत खुंटी ठोकायची नाही या अटीवर. अट रास्त होती. पुढच्या हंगामात त्यावर पुन्हा धान पडायचं होतं. तेव्हा तंबू मधोमध न लावता कडेला लावायचा आणि खुंट्या सारवणाबाहेर ठोकायच्या असं ठरलं. बाहेरची जमीन दगडासारखी. मी सांगितलं, खुंटीच्या जागी तांब्याभर पाणी ओता, अर्धा तास जाऊ द्या, मग डोकं तंबूपासून बाहेर झुकवून तिरकी ठोका. उभी ठोकली तर दोर तिला वर ओढतो, तिरकी असली तर जमीनच तिला धरते. दार पूर्वेकडं, म्हणजे दव सकाळच्या पहिल्या उन्हात वाळेल. खाली धन्याला विचारून वीतभर तणस, त्यावर ताडपत्री, काठ आत दुमडून. चूल तणशीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि निजण्याआधी तीवर पाणी. उरलेलं सुकट आणि भात तंबूत ठेवायचा नाही, धन्याच्या घरी द्यायचा, कारण वासावर कुत्रीही येतात आणि अस्वलंही.

रात्री नऊच्या सुमारास त्यानं दोराचा फोटो पाठवला. गाठ बरोबर होती, पण दोर सैल दिसत होता. दव पडायला लागलं होतं. मी फक्त लिहिलं, सगळे दोर पुन्हा एकदा ताण. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी धन्याच्या सांगण्यावरून खुंट्यांची भोकं मातीनं बुजवून टाचेनं दाबली, बैलाचा पाय त्यात जाऊ नये म्हणून.