दवा, नशा आणि तिसरा आठवडा

आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, 'बटन' म्हटलं की लोकांना शर्टाचं बटन आठवत नाही. पोलिसांनी बटन गोळ्या पकडल्या, अशा बातम्या वारंवार येतात. ही बटनं कुठल्या गुप्त कारखान्यातली अनोळखी चीज नव्हे. त्यातल्या बहुतेक नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशा झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्याच असतात. मालेगावात अल्प्राझोलामच 'कुत्ता गोली' म्हणून विकली जाते. आणि याच गोळ्या आपल्या घरात, बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात, मोठ्या इज्जतीने नांदत असतात.

आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला. चाचांचा इंतकाल झाला, इद्दतच्या दिवसांत त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ मिलीग्रॅम, पंधरा रात्रींसाठी लिहून दिली. पहिला आठवडा त्या फज्रपर्यंत शांत झोपल्या. तिसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला डोळे उघडू लागले. मग दोन गोळ्या. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला पाकीट देत राहिला. चार महिन्यांत एक मिलीग्रॅम. मी हटकलं तर म्हणाल्या, "बेटा, ये तो दवा है, नशा थोडीच है?"

दवा आणि नशा हा फरक आपण करतो. मेंदू करत नाही.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. ते मज्जापेशींना थंड करतं, म्हणजे ब्रेकचं काम करतं. ही गोळी स्वतः ब्रेक दाबत नाही. गाबाचा पाय ब्रेकवर पडला की त्याचा जोर ती वाढवते. रोज रात्री असा जादा ब्रेक लागला की मेंदू तोल सांभाळायला दोन गोष्टी करतो. एक, गोळी जिथे चिकटते ते ग्राहक मंद करतो, गोळीचा आणि गाबाचा सांधा ढिला होतो. दोन, उत्तेजना देणाऱ्या ग्लुटामेटची बाजू वाढवतो, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो. हे व्हायला वर्षं लागत नाहीत. झोपेवरचा परिणाम साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागतो. म्हणूनच ही गोळी मोजक्या दिवसांसाठीच लिहायची असते.

पण डोस वाढणं ही निम्मीच गोष्ट. खरा फास गोळी चुकते त्या रात्री पडतो. इद्दत संपल्यावर खाला पैठणला लग्नाला गेल्या आणि पाकीट घरी राहिलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात, घाम फुटतो, ढोलकीचा आवाज डोक्यात घुसतो. घरच्यांनी निष्कर्ष काढला, ''बघा, गोळीशिवाय यांचं चालतच नाही.'' खरं असं होतं, की गोळी निघून गेली होती आणि दाबून धरलेला अ‍ॅक्सिलरेटर तसाच होता. खालांना जुन्या दुःखाने जागवलं नव्हतं, गोळीच्या मागे राहिलेल्या जागेने जागवलं होतं.

ओळखायचं कसं? मूळ आजार परततो तो बहुधा हळूहळू, जुन्याच रूपात. हा त्रास एक-दोन दिवसांतच येतो, पहिल्यापेक्षा तीव्र असतो आणि थरथर, घाम, आवाज-उजेड सहन न होणं अशी नवी लक्षणं सोबत आणतो. या रात्री गोळी घेतली की तासाभरात आराम पडतो आणि गैरसमज पक्का होतो. कधीमधी घेणारा रोज घेणारा होतो, तो इथे.

म्हणून, "कलपासून बंद" अशी कसम घालू नका. रोजची गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. खालांना मानसोपचारतज्ज्ञांनी दर तीन आठवड्यांनी पाव मिलीग्रॅमची अर्धी गोळी कमी करायला लावली. असे आठ टप्पे होते. शेवटचे दोन सर्वांत अवघड, कारण पावमधून अर्धं कमी करणं म्हणजे निम्मा डोस काढणं. तिथे दीड-दीड महिना लागला. एकूण सात महिने.

बटन खाणाऱ्या पोराच्या डोक्यात घडतं तेही हेच, फक्त वेगाने. त्यात एक धोका जास्त. झोप आणि गुंगीची सवय लवकर होते, पण विसरभोळेपणावरचा परिणाम फारसा कमी होत नाही. किती खाल्ल्या हेच आठवत नाही, म्हणून आणखी खाल्ल्या जातात. वर दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध पडलं की श्वास थांबू शकतो. महिनाभर सुटून पुन्हा जुन्याच मात्रेवर गेलेला तर जास्त जोखमीत, कारण तेवढ्या काळात सवय उतरलेली असते.

त्या पोराला मोहल्ला नशेडी म्हणतो आणि खालांसाठी दुआ करतो. दोघांना उपचार एकच लागतो. घाटीच्या मानसोपचार ओपीडीत दोघांनाही एकाच रांगेत उभं राहता येतं. फक्त जाताना पाकीट सोबत न्या आणि रोजचा खरा आकडा सांगा. टप्पे त्याच आकड्यावरून ठरतात.