ऑफर लेटरची उभी बेरीज

आपल्या घरांत हुंडी, बिल, भाडेपावती, भागीदारीचा करारनामा हे कागद वाचण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आडत्याकडून आलेल्या पट्टीत हमाली किंवा तोलाई दोन रुपयांनी चुकली, तरी दिवाणजींची पेन्सिल तिथे थांबते. मात्र मुलामुलींच्या नोकरीचे ऑफर लेटर घरात आले की तेच लोक तो कागद देवापुढे ठेवतात, पेढे आणतात आणि मुलाला म्हणतात, “सही करून टाक.” नोकरी हा आपल्या बहुतेक कुटुंबांना नवा प्रांत आहे. त्यातला कागद कसा तपासावा हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसते आणि कंपनीला प्रश्न विचारणे त्यांना अशिष्टपणाचे वाटते.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या एम.कॉम. होऊन सांगलीतल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करीत होती. २०२५ च्या मे महिन्यात तिला पुण्यातल्या एका कंपनीचे पत्र आले. पत्रावर ७ मे ही तारीख होती, वार्षिक पॅकेज ७,२०,००० रुपये होते आणि मागे वेतनाच्या तपशिलाचे परिशिष्ट जोडलेले होते. तिने ते मला पाठवले आणि विचारले, “काका, एकदा नजर टाकाल का?” बँकेत छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांनी लिहिलेले आकडेच तपासले. त्यामुळे मी पत्राचा मजकूर वाचण्याआधी परिशिष्टाची बेरीज केली.

परिशिष्टात दोन रकाने होते, एक मासिक आणि एक वार्षिक. मासिक रकान्यात मूळ वेतन २४,०००, घरभाडे भत्ता १२,०००, विशेष भत्ता १५,९६६, भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा २,८८० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद १,१५४ असे आकडे होते. खाली एकूण ६०,००० छापलेले होते. साठ हजार गुणिले बारा म्हणजे सात लाख वीस हजार, म्हणून वरवर पाहणाऱ्याचे समाधान होते. परंतु पाचही आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली, तर ती ५६,००० येते. चार हजारांचा फरक होता.

बँकेत ताळा जुळेना की आम्ही प्रथम फरकाला नऊने भागून पाहत असू. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले, म्हणजे ५४ च्या जागी ४५ झाले, तर येणारा फरक नेहमी नऊने भागला जातो. चार हजारांना नऊने भाग जात नाही. तेव्हा अंकांची अदलाबदल झालेली नव्हती, एखादा अंकच चुकला असावा किंवा एखादी ओळ गळाली असावी. कोणती ओळ खोटी, हे शोधण्याचा मार्ग परिशिष्टातच असतो. भविष्य निर्वाह निधीचा वाटा मूळ वेतनाच्या बारा टक्के धरलेला होता आणि २४,००० चे बारा टक्के २,८८० होतात. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारणपणे मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के धरतात, म्हणजे १,१५४. घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या निम्मा होता. या तीन ओळी मूळ वेतनाला बांधलेल्या असतात आणि चौघी एकमेकींची साक्ष देतात. (काही कंपन्या निधीचा वाटा १५,००० रुपयांच्या मर्यादेवर धरून १,८०० दाखवतात. तेही नियमबाह्य नाही, फक्त साक्ष मग निराळ्या रीतीने घ्यावी लागते.)

एकटा विशेष भत्ता कोणालाच बांधलेला नसतो. ठरलेल्या एकूण रकमेतून बाकी सारे वजा करून जे उरते, ते त्या ओळीत भरतात. म्हणून चूक दडायला ती जागा सोयीची असते. मी त्याच ओळीचा वार्षिक रकाना पाहिला. तिथे २,३९,५९२ होते, आणि त्याला बाराने भागले की १९,९६६ येतात. मासिक रकान्यात नवाच्या जागी पाच पडला होता, एवढेच. वार्षिक रकान्यातले पाचही आकडे मिळून बरोबर ७,२०,००० होत होते.

बंधू म्हणाले, “अण्णा, एकूण रक्कम तर बरोबर आहे ना? मग काय बिघडले?” व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त होता, कारण आपल्या बिलाखाली “चू. भू. दे. घे.” असते आणि चूक उघड झाली की दुसऱ्या दिवशी जमाखर्च होतो. नोकरीच्या पत्राखाली तशी ओळ नसते. तिथे “अटी वाचल्या व मान्य आहेत” असे लिहून सही घेतात. दरमहा पगारपत्रक ज्या संगणकातून निघते, त्यात एकूण रक्कम भरत नाहीत, एकेक घटक भरतात, आणि भरणारा कारकून बहुधा मासिक रकानाच समोर ठेवतो. तसे झाले असते तर वर्षाला ४८,००० रुपये कमी आले असते, आणि मुलगी नवखी म्हणून चार महिने काही बोललीही नसती.

हातात काय येणार हेही त्याच वेळी मांडून दाखवले, कारण घरात सगळे साठ हजारच धरून चालले होते. कंपनीचा निधीतील वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद हे पॅकेजमध्ये मोजतात, पण पगारात देत नाहीत. ते वगळले की ५५,९६६ उरतात. त्यातून तिचा स्वतःचा निधीतील वाटा २,८८० आणि व्यवसाय कर २०० जातो, म्हणजे बँकेत ५२,८८६ जमा होणार. चुकीच्या आकड्याने ते ४८,८८६ झाले असते. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी झाल्यावरच हाती येते. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या मुलांच्या पॅकेजमध्ये ती मोजणे मला पटत नाही, परंतु रूढी तशी आहे.

दुसरी विसंगती नोटीस पीरियडच्या कलमात होती. नोकरी कायम झाल्यानंतर कोणत्याही पक्षाने किती दिवसांची पूर्वसूचना द्यावी, तिथे अंकात ६० आणि कंसात अक्षरी नव्वद होते. चेकच्या बाबतीत आमचा नियम पक्का असे. अंक आणि अक्षर यांत फरक असेल, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम खरी मानतात. नोकरीचे पत्र म्हणजे चेक नव्हे आणि हे कलम त्याला लागू होत नाही. तरीही वाद झालाच तर अक्षरांकडे कल झुकण्याचा संभव असतो, म्हणून माझ्या मते तिने नव्वदच धरून चालायला हवे होते.

या कलमाची पुढची ओळ मला अधिक महत्त्वाची वाटली. पूर्वसूचनेचे दिवस पूर्ण न करता सोडल्यास कर्मचाऱ्याने उरलेल्या दिवसांचे “वेतन” भरावे, असे तिथे होते. कोणते वेतन, ते लिहिलेले नव्हते. मूळ वेतन धरले तर तीन महिन्यांचे ७२,००० होतात. सर्व भत्त्यांसह धरले तर १,६७,८९८ होतात. एका शब्दाच्या संदिग्धतेत पंचाण्णव हजारांहून अधिक रुपये अडकले होते. नवी कंपनी “लगेच या” म्हणते आणि जुनी सोडत नाही, अशा वेळी नेमका हाच शब्द पुढे येतो.

तिसरी गोष्ट रुजू होण्याची. पत्रात “सोमवार, १७ जून २०२५” असे होते आणि त्या दिवशी हजर न झाल्यास प्रस्ताव रद्द समजावा, असेही होते. दिनदर्शिका उघडली तर १७ जूनला मंगळवार होता. सोमवार १६ तारखेला येत होता. २०२४ साली मात्र १७ जून सोमवारीच होता, म्हणजे गतवर्षीच्या कोणाच्या तरी पत्रात साल तेवढे बदललेले दिसत होते. वार आणि तारीख ही एकमेकांची साक्ष असते. पत्रात वार लिहिलेला असेल तर तो अवश्य ताडून पाहावा.

एका दिवसाने काय होते, असे इथेही कोणी म्हणेल. सांगलीच्या कार्यालयात तिचा नोटीस पीरियड तीस दिवसांचा होता. रुजू होण्याचा दिवस १६ जून असेल, तर १६ मे रोजी राजीनामा द्यावा लागे. तो दिवस सोडून मोजले की तिसावा दिवस १५ जून येतो. दिवस १७ जून धरून बसली असती आणि १७ मेला राजीनामा दिला असता, तर जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस १६ जून झाला असता आणि तोच दिवस नव्या नोकरीचा पहिला ठरला असता. जुन्या नोकरीची अखेरची तारीख आणि नव्या नोकरीची पहिली तारीख एकमेकींवर चढल्या, तर पुढे भविष्य निर्वाह निधीची रक्कम वर्ग करताना अडचण येऊ शकते. म्हणून मी तिला बजावले की दुरुस्त पत्र हाती येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही.

८ मे रोजी तिने कंपनीच्या एचआर विभागाला ई-मेल लिहिला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. प्रत्येक मुद्द्यात पान आणि ओळ सांगितली, तिथे काय छापले आहे ते जसेच्या तसे दिले आणि यांतले योग्य कोणते ते कळवावे, एवढीच विनंती केली. “तुमचे चुकले” असे कुठेही नव्हते. बंधूंना धास्ती होती की कंपनी नाराज होऊन दुसऱ्या मुलीला बोलावेल. संध्याकाळी तिथल्या बाईंचा फोन आला. टायपिंगची चूक आहे, पगार बरोबर मिळेल, तुम्ही सही करून पाठवा, असे त्या म्हणाल्या. बाईंच्या हेतूविषयी मला शंका नव्हती. पण पगारपत्रक करणारा माणूस निराळा असतो आणि बाई स्वतःही सहा महिन्यांत नोकरी बदलू शकतात. नव्या तारखेचे पत्र आणि नवे परिशिष्ट मिळाल्यावरच सही करीन, असे पुतणीने नम्रपणे सांगितले.

१३ मे रोजी नवे पत्र आले. विशेष भत्ता १९,९६६ झाला होता आणि रुजू होण्याचा दिवस सोमवार, १६ जून. नोटीस पीरियड मात्र साठ झाला नाही. आमच्याकडे सर्वांना नव्वदच दिवस आहेत, असे त्यांनी कळवले आणि अंक बदलून ९० केला. तिची थोडी निराशा झाली. परंतु “वेतन” या शब्दाआधी “मूळ” हा शब्द घालायला त्यांनी मान्यता दिली होती. मी पुन्हा पहिल्यापासून सारे तपासले, कारण दुरुस्त केलेल्या कागदात नवी चूक शिरल्याचे बँकेत अनेकदा पाहिले आहे. तसे काही आढळले नाही. तिने सही केली आणि १४ मेला राजीनामा दिला. तीस दिवस १३ जूनच्या शुक्रवारी पूर्ण झाले, त्यामुळे पुण्यात खोली लावायला तिला शनिवार-रविवार मिळाला.

जून महिन्याची पगारचिठ्ठी तिने मला पाठवली. पंधरा दिवसांचा पगार होता. मूळ वेतन १२,०००, घरभाडे भत्ता ६,०००, विशेष भत्ता ९,९८३. त्याची दुप्पट १९,९६६ होते, हे तिने खाली स्वतःच लिहिले होते.