नववं लूना, बारावा प्रयत्न

ऑगस्ट २०२३ मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. १९ तारखेला रशियाचं लूना-२५ चंद्रावर आदळलं आणि २३ तारखेला आपलं चांद्रयान-३ अलगद उतरलं. तेव्हा घरात मला विचारलं गेलं, "ज्यांनी साठ वर्षांपूर्वीच चंद्रावर यान उतरवलं, त्यांचं यान आता कसं पडतं?" प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते ज्या पुस्तकांत सापडलं, त्यांच्याबद्दल हे थोडं.

पहिलं पुस्तक आसिफ सिद्दीकी यांचं 'चॅलेंज टू अपोलो'. नासाने २००० साली काढलेला हा हजारावर पानांचा ग्रंथ नासाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. विषय आहे १९४५ ते १९७४ या काळातला सोव्हिएत अंतराळ कार्यक्रम. आकार पाहून घाबरू नका. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. चंद्रावर यान उतरवण्याच्या प्रयत्नांचा भाग आधी वाचला तरी चालतं.

लूना-९ हे चंद्रावर अलगद उतरलेलं पहिलं यान, दिवस ३ फेब्रुवारी १९६६. नावावरून वाटतं की आधीची आठ यानं याच कामासाठी गेली असतील. तसं नाही. पहिली तीन लूना उतरण्यासाठी नव्हतीच. उतरणाऱ्या यानांची मालिका जानेवारी १९६३ मध्ये सुरू झाली आणि लूना-९ हा त्यातला बारावा प्रयत्न होता. आधीचे अकरा फसले. त्यांतल्या पाच यानांनाच लूना हे नाव मिळालं. एक पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं, ते 'कॉसमॉस-६०' या नावाने खपवलं गेलं. उरलेल्या पाचांबद्दल सोव्हिएत सरकारने ब्रही काढला नाही. म्हणजे अपयश मोजायचं तर सरकारी आकड्यांवर विसंबून चालत नाही. म्हणूनच असं पुस्तक लागतं.

या अकरांमधलं लूना-६ मला लूना-२५च्या बातमीच्या सगळ्यात जवळचं वाटलं. जून १९६५ मध्ये वाटेत मार्ग थोडा सुधारण्यासाठी त्याचं इंजिन काही काळ चालवायचं होतं. जमिनीवरून गेलेल्या आज्ञेत चूक होती. इंजिन बंदच झालं नाही, इंधन संपेपर्यंत चालत राहिलं. यान चंद्रापासून सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर दूरून निघून गेलं. आता लूना-२५ पाहा: इंजिन ८४ सेकंद चालायचं होतं, ते १२७ सेकंद चाललं. वेग किती बदलला हे मोजणारं उपकरण बहुधा चालूच झालं नव्हतं, त्यामुळे 'पुरे' म्हणायला कुणी उरलं नाही. कारणं वेगळी, पण दुखणं एकच: इंजिन कधी थांबवायचं हे यानाला कळलं नाही. इंजिन सुरू करण्याइतकंच ते वेळेवर बंद करणंही अवघड असतं, हे मला इथे कळलं.

दुसरं वाचन बोरिस चेर्तोक यांच्या आठवणींचं: 'रॉकेट्स अँड पीपल', चार खंड, इंग्रजी आवृत्तीचे संपादक पुन्हा सिद्दीकीच. हेही नासाकडून फुकट. चेर्तोक हे सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार कोरोलेव यांच्या हाताखाली नियंत्रण यंत्रणांवर काम करायचे. लूना-९ची कथा तिसऱ्या खंडात आहे. यान उतरताना आघात सोसायला हवेची पिशवी होती. लूना-८ मध्ये ती फुगतानाच फाटली, सुटलेल्या हवेने यान गिरकी घेऊ लागलं आणि आदळलं. लूना-९ उतरलं तेव्हा कोरोलेव हयात नव्हते. १४ जानेवारी १९६६ रोजी, म्हणजे तीन आठवडे आधीच, ते गेले होते. हा खंड वाचताना एवढं ध्यानात ठेवावं की लेखक त्याच घरातला माणूस आहे. आपल्या प्रतिस्पर्ध्यांबद्दल तो जे लिहितो, ते सिद्दीकींच्या ग्रंथाशी ताडून पाहावं.

आपल्याकडची बाजू गोपाल राज यांच्या 'रीच फॉर द स्टार्स' मध्ये आहे. यात १० ऑगस्ट १९७९ चं एसएलव्ही-३चं पहिलं उड्डाण येतं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप अडकली, त्यातलं आम्ल गळून गेलं आणि रॉकेट भरकटलं. १८ जुलै १९८० रोजी तेच रॉकेट यशस्वी झालं. मराठीत सुरुवात करायची तर अब्दुल कलामांचं 'अग्निपंख' आहेच. मात्र ती एका माणसाची जीवनकथा आहे, कार्यक्रमाचा इतिहास नव्हे.

ही पानं वाचल्यावर चांद्रयान-३ची रचना वेगळी दिसू लागते. चांद्रयान-२ला उतरायला साधारण अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीची जागा नेमून दिली होती; चांद्रयान-३ला सुमारे ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरची दिली. वेग थेट मोजणारं लेझर उपकरण वाढवलं. काय काय बिघडू शकतं याची यादी आधी केली आणि तरीही यान उतरावं अशी आखणी केली. तशी यादी सोव्हिएत अभियंत्यांनाही मिळाली होती. पण ती अकरा यानं गमावल्यावर, आणि त्यांतल्या पाचांचं नावही न घेता.