धाटांची चौकट

पाच सप्टेंबर आला की मला फुलं-हार आठवत नाहीत. आठवतात ती कडब्याची चार धाटं आणि बाभळीचे चार काटे.

१९८६ चा मार्च असावा. मी सातवीत होतो. शाळा जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. ज्वारी नुकतीच निघालेली, रानं मोकळी पडलेली. क्षेत्रफळाचा धडा चालू होता. गुरुजी बाहेरून चार धाटं घेऊन आले. दोन लांब, दोन जरा आखूड. कोपऱ्यांत बाभळीचे काटे टोचून त्यांनी चौकट केली आणि जमिनीवर ठेवली.

"हे रान समजा. कसं मोजाल?"

"लांबी गुणिले रुंदी," आम्ही एका सुरात.

मग त्यांनी चौकटीचा एक कोपरा हळूच ढकलला. चौकट कलली. आणखी ढकलला. शेवटी चारी धाटं एकमेकांना जवळजवळ चिकटली.

"बाजू बदलल्या का रं?"

"नाही गुरुजी."

"मग रान कुठं गेलं?"

वर्ग गप्प झाला.

आमच्याकडं रान मोजायची जुनी रीत अशी: तेहतीस फुटांची दोरी घ्यायची. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. तेहतीस बाय तेहतीसचा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. कोपरे काटकोनात असले तर ही रीत चोख. पण रान कललेलं असलं की ती चुकते, आणि गंमत म्हणजे चुकते ती नेहमी जास्तीकडंच. कमी कधी दाखवत नाही.

गुरुजी आम्हाला शेजारच्या रानात घेऊन गेले. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. एका रानाचे दोन त्रिकोण झाले. मग उरलेल्या कोपऱ्यावर एका पोराला दोरीचं टोक धरून उभं केलं. दुसरं टोक मधल्या दोरीवरनं सरकवायचं. जिथं अंतर सगळ्यात कमी भरेल तो लंब. दुसऱ्या अंगालाही तसंच. दोन्ही लंबांची बेरीज, गुणिले मधली दोरी, भागिले दोन. झालं.

त्याच दिवसांत घरी अक्काचं लग्न ठरलं होतं. आबांनी ओढ्याकडचा तुकडा बांधाशेजारच्या तात्यांना द्यायचा ठरवलेला. गुंठ्याला तीनशे रुपये. माणसांनी बांधावरून दोरी टाकली होती: लांब बाजू पाच-पाच दोऱ्या, आखूड बाजू चार-चार. पाच चोक वीस. वीस गुंठे, सहा हजार.

तो तुकडा ओढ्याच्या वळणानं चांगलाच कललेला होता. मला ते धाटांच्या चौकटीसारखं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन मी दोरी ताणली. मधली दोरी २५६ फूट. एक लंब ७४, दुसरा ७५. वहीवर आकडेमोड केली तर १९,०७२ चौरस फूट. साडेसतरा गुंठे.

रात्री जेवताना मी बोलून गेलो. आईचा हात तव्यावरच थांबला. अडीच गुंठे म्हणजे साडेसातशे रुपये. तेवढ्यात मांडवाचा खर्च निघत होता.

"गुर्जींना काय धंदा न्हाई का?" आई म्हणाली.

आबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आता पाठीत बसतोय धपाटा. सकाळी त्यांनी मला उठवलं, खुंटीवरची दोरी खांद्यावर टाकली. "चल, दाव." त्यांनी स्वतः तीनदा मोजलं. लंबाच्या जागी दोरी मागंपुढं सरकवून बघितली. कुठंही सरकवली तरी अंतर वाढतच होतं. ते बांधावर बसले, तंबाखू मळली, आणि बराच वेळ ओढ्याकडं बघत राहिले.

तात्यांना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. तात्याही रानात आले, मोजलं, मान हलवली. व्यवहार साडेसतराचा झाला: पाच हजार दोनशे पन्नास. कमी पडलेल्या पैशाला आबांनी वासरू विकलं. मी दोन दिवस त्याच्या रिकाम्या दाव्याकडं बघायचं टाळत होतो.

वैशाखात लग्न झालं. गुरुजी आले होते. त्यांना सगळं कळलं होतं; गावात काय लपतंय? पंगतीत आबा स्वतः वाढत होते. गुरुजी अवघडून म्हणाले, "माझ्या गणितानं तुमचं नुकसान झालं."

आबांनी त्यांच्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला. "गुर्जी," ते म्हणाले, "आमचं वरच्या अंगाचं रान बी जरा तिरकंच हाय. पोरगं न्हेऊन एकदा मोजून द्या."

सुट्टीत आम्ही ते मोजलं. तिथंही दोन गुंठे कमीच भरले.