गालाची सावली

आई गेल्यावर तिचा एक जुना कृष्णधवल फोटो मी ठिपक्यांत उतरवायला घेतला. पाव मिलिमीटरचं काळ्या शाईचं पेन आणि गुळगुळीत कागद. कपाळावरचा उजेड म्हणजे कोरा कागद, केस म्हणजे जवळजवळ भरीव काळं. हे दोन्ही सोपं. मन गुंततं ते गालात.

तिथे ठिपके एकेक मिलिमीटरवर ठेवले, तर कागद जेमतेम पाच टक्के झाकला जातो. अंतर निम्मं केलं की वीस टक्के, कारण ठिपके आडवेही दुप्पट होतात आणि उभेही. म्हणून नाकाजवळच्या सावलीत शिरताना अंतर अगदी हळूहळू कमी करावं लागतं. घाई केली तर गालावर कड उमटते. ठिपके ओळीत आले की त्वचेऐवजी जाळी दिसते. डोळे किलकिले करून पाहिलं की ती लगेच कळते. पेन तिरपं झालं की ठिपक्याला शेपूट फुटतं. गडद करणं नंतरही जमतं, फिकट करणं नाही. त्यामुळे मी उजेडाकडून काळोखाकडे जाते.

या संथपणात आईचा चेहरा मला प्रथमच इतक्या जवळून दिसतो आहे. गाल जिथे संपतो तिथे रेघ नाहीच, नुसती दाटी वाढत जाते.

हनुवटीखाली मात्र अडले आहे. फोटोत तिथे निव्वळ काळं आहे. तिच्या गळ्यावर तीळ होता. तो दाखवायचा, तर भोवतीचे ठिपके विरळ करावे लागतील. म्हणजे फोटोत नसलेला उजेड तिथे आणावा लागेल.